गुरू ग्रंथ साहिबमधला रागाचा मथळा कसा वाचायचा: नामदेवांच्या एका पानावरून

गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदे आहेत आणि ती १८ रागांत विखुरलेली आहेत. मराठी वाचक बहुतेक वेळा ती शोधायला म्हणून ग्रंथ उघडतो, पद सापडले की थेट पहिल्या ओळीवर उडी मारतो आणि वरचा मथळा सोडून देतो. मग पद कोणाचे, कोणत्या रागातले, कुठे सुरू झाले आणि कुठे संपले यात गोंधळ होतो. पदांना वेगळी नावे नाहीत. पदाची ओळख पटवणारी सगळी माहिती मथळ्यात आणि शेवटच्या आकड्यांत आहे, आणि ही दोन टोके एकत्र वाचावी लागतात. इथे सगळी रीत शेवटी अंग ७२७ या एकाच पानावर लावून दाखवली आहे.

## तयारी

ग्रंथाच्या पानाला ‘अंग’ म्हणतात. प्रमाण छपाईत एकूण १४३० अंग असतात आणि कोणते पद कोणत्या अंगावर येते हे ठरलेले असते. तुमच्याकडची प्रत देवनागरी असो वा गुरुमुखी, आधी एक तपासणी करा. अंग १४ वर सिरीराग सुरू होतो का? होत असेल तर इथले सगळे आकडे तुमच्या प्रतीला लागू पडतील. नसेल, तर ती प्रत निवडक पदांची आहे किंवा तिची पाने वेगळी लावली आहेत. अशा प्रतीत मथळे वाचता येतील, पण अंगाचा हवाला देता येणार नाही.

अभ्यासासाठी दोन-चार भागांत बांधलेली पोथी सोयीची पडते. तिला ‘सैंची’ म्हणतात. सैंची हातात घेतानाही हात धुतलेले आणि डोके झाकलेले असावे, आणि तिच्यात पेन्सिलीची खूण करू नये. टिपणे वेगळ्या वहीत ठेवा. त्या वहीत प्रत्येक पदासाठी पाच रकाने आखा: राग, रचनाकार, घर, काव्यप्रकार, शेवटचे आकडे.

खबरदारी: गुरुमुखी नव्याने वाचत असाल तर अक्षरांच्या साम्यावर विसंबू नका. गुरुमुखी ‘स’ आपल्या ‘म’सारखा दिसतो, त्यामुळे ‘सोरठि’चे ‘मोरठि’ वाचले जाते. शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व उकार-इकार (रागु, घरु, सोरठि, बिलावलु) लिहिलेले असले तरी उच्चारात सहसा येत नाहीत. म्हणायचे राग, घर, सोरठ, बिलावल.

## १. आधी तुम्ही ग्रंथाच्या कोणत्या भागात आहात ते ठरवा

अंग १ ते १३ हा नित्यपाठाचा भाग. अंग १४ पासून १३५३ च्या सुरुवातीपर्यंत ३१ रागांची ३१ प्रकरणे आहेत. सिरीरागाने सुरुवात होते आणि जैजावंतीने शेवट. त्यानंतर सलोक, सवैये वगैरे येतात आणि त्यांच्यावर रागाचे नाव नसते. कबीर आणि फरीद यांचे सलोक या शेवटच्या भागात आहेत, त्यामुळे तिथे राग शोधत बसू नका.

नित्यपाठाच्या भागातही रागाचे मथळे आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अंग ८ वर ‘सो दरु रागु आसा महला १’ आणि अंग १२ वर ‘सोहिला रागु गउड़ी दीपकी महला १’ असे मथळे आहेत. तिथे पहिला शब्द रचनेच्या नावाचा आहे आणि राग त्याच्या मागून येतो. म्हणून ‘मथळ्यातला पहिला शब्द म्हणजे राग’ असा नियम धरू नका.

एका रागाच्या आतला क्रमही साधारण ठरलेला आहे. आधी गुरूंची छोटी पदे, मग अष्टपदी, मग छंत, मग वार म्हणजे पउड़ी नावाच्या कडव्यांची लांब रचना, आणि सर्वांत शेवटी भक्तांची, म्हणजे गुरूंखेरीज इतर संतांची वाणी. भक्तांत बहुधा आधी कबीर, मग नामदेव, मग रविदास. मराठी वाचकाच्या दृष्टीने यातली उपयोगाची गोष्ट एवढीच: नामदेव हवे असतील तर प्रकरण पहिल्या पानापासून चाळू नका, पुढचा राग जिथे सुरू होतो तिथून मागे या. तोडी अंग ७११ ते ७१८ आहे, नामदेव ७१८ वर. गोंड ८५९ ते ८७५ आहे, नामदेव ८७२ च्या पुढे. सोरठ ५९५ ते ६५९ आहे, नामदेव ६५६ आणि ६५७ वर.

## २. मथळा शब्दाशब्दांत तोडा

पहिला सराव अंग १४ वर करा. ‘इक ओंकार सतिगुर प्रसादि’ या मंगलाचरणानंतर मथळा असा आहे:

रागु सिरीरागु महला पहिला १ घरु १

तोडून वाचला की चार तुकडे मिळतात. ‘रागु’ म्हणजे पुढे रागाचे नाव येते. ‘सिरीरागु’ हे नाव. ‘महला पहिला १’ म्हणजे रचनाकार, इथे पहिले गुरू नानक; महल्याचा आकडा तो कितवा गुरू ते सांगतो. ‘घरु १’ ही गायनाची सूचना.

यातला ‘पहिला’ हा शब्द चुकून दोनदा आलेला नाही. पुढे बहुतेक ठिकाणी नुसता आकडा आहे, पण तो कसा उच्चारायचा ते इथे अक्षरांत लिहून दिले आहे. ‘महला एक’ म्हणायचे नसते, ‘महला पहिला’ म्हणायचे. तसेच दूजा, तीजा, चउथा, पंजवां आणि नउवां. ‘घरु १’चा उच्चारही ‘घर पहिला’ असाच.

मंगलाचरण कधी मथळ्याच्या आधी छापलेले असते, तर कधी नंतर. नंतर आले म्हणून मथळा वरच्या पदाचा होत नाही. तो नेहमी खाली येणाऱ्या पदाचा असतो.

### रागाचे नाव दोन शब्दांचे असते तेव्हा

गउड़ीचे बरेच प्रकार मथळ्यांत दिसतात: गउड़ी गुआरेरी, गउड़ी चेती, गउड़ी बैरागणि, गउड़ी पूरबी. प्रकरण मात्र एकच, गउड़ी, अंग १५१ ते ३४६. वहीत दोन्ही शब्द लिहा, पण रागांची मोजणी करताना प्रकार वेगळे धरू नका. नाहीतर ३१ चा आकडा कधीच जुळणार नाही.

प्रकार सांगणारा शब्द रागाला चिकटूनच येतो असेही नाही. तो महल्याच्या पलीकडे जाऊन बसू शकतो, आणि तिथेच वाचक फसतो. हे तीन मथळे पाहा:

- गउड़ी महला १ दखणी (अंग १५२)
- वडहंसु महला १ दखणी (अंग ५८०)
- मारू महला १ दखणी (अंग १०३३)

तिन्ही ठिकाणी ‘दखणी’ हे रागाचे विशेषण आहे. दखणी गउड़ी, दखणी वडहंस, दखणी मारू. आता अंग ९२९ वरचा मथळा वाचा: रामकली महला १ दखणी ओअंकारु. आपण मराठी माणसे ‘दखणी ओअंकारु’ हे एका दमात वाचतो आणि दक्षिणेतला ओंकार असा अर्थ लावून मोकळे होतो. त्या रचनेला बोलताना ‘दखणी ओअंकार’ म्हणायची पद्धतही आहे, त्यामुळे ही समजूत आणखी घट्ट होते. पण वरच्या तीन मथळ्यांच्या घडणीत हा मथळा बसवला की विराम ‘दखणी’नंतर येतो. राग रामकली दखणी, रचनाकार महला पहिला, रचनेचे नाव ओअंकार. मथळ्यातला एखादा शब्द कोणाला लागतो ते समजत नसेल तर त्याच घडणीचे आणखी दोन-तीन मथळे शेजारी मांडून पाहा. अर्थ लावायची घाई करण्यापेक्षा ही रीत जास्त भरवशाची आहे.

## ३. रचनाकार मथळ्यावरून ठरवा, पदातल्या नावावरून नको

अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ आले की अभंग नामदेवांचा, ही आपल्या कानाची सवय. गुरूंच्या वाणीत ती उपयोगाची नाही. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि नवव्या गुरूंची वाणी ग्रंथात आहे आणि सर्वांची नाममुद्रा ‘नानक’ हीच आहे. ‘नानक’ दिसले म्हणून पद गुरू नानकांचे ठरत नाही. महल्याचा आकडा पाहिल्याशिवाय रचनाकाराचा रकाना भरू नका.

वारांमध्ये ‘महला’ हा शब्द आखडून ‘मः’ असा येतो. तो विसर्ग नाही, संक्षेपाची खूण आहे. ‘सलोकु मः ३’ हे ‘सलोक महला तीजा’ असे वाचायचे. एकाच वारेत पउड़ी एका गुरूची आणि तिच्या आधीचे सलोक दुसऱ्याचे असू शकतात, म्हणून वार वाचताना प्रत्येक सलोकावरचा आकडा वेगळा पाहावा लागतो. दुसऱ्या गुरूंची वाणी तर फक्त सलोकांतच आहे. ‘महला २’चे पद सापडले असे वाटले, तर तुम्ही आकडा चुकीचा वाचला आहे.

भक्तांच्या मथळ्यात महला नसतो, सरळ नाव असते: ‘बाणी भगत नामदे जी की’. पण भक्तांच्या भागातही एक अपवाद जपून वाचा. अंग ३२६ वर कबीरांच्या पदांच्या मध्ये मथळा आहे: गउड़ी कबीर जी की नालि रलाइ लिखिआ महला ५. म्हणजे कबीरांच्या वाणीबरोबर मिसळून लिहिलेले पाचव्या गुरूंचे पद. मथळा न वाचता पुढे गेलात तर पाचव्या गुरूंची रचना कबीरांच्या नावावर चढते.

## ४. घराचा आकडा लिहून घ्या, पण त्याचा अर्थ ताणू नका

‘घरु’ पुढे १ ते १७ यांपैकी आकडा येतो. काही जाणकार घर म्हणजे ताल मानतात, काही स्वरांच्या मांडणीशी त्याचा संबंध जोडतात. ‘घरु ३’ दिसले की ‘हे पद अमुक मात्रांच्या तालात’ असे छातीठोक सांगू नका, कारण मात्रा मथळ्यात दिलेल्या नाहीत. वाचकाला घराचा खरा उपयोग वेगळा आहे. घर बदलले की पदांचा एक गट संपला आणि दुसरा सुरू झाला.

अंग ६५६ वर ‘रागु सोरठि बाणी भगत नामदे जी की घरु २’ असा मथळा आहे आणि खाली ‘जब देखा तब गावा’ हे पद. त्यानंतर पुढच्या पदावर फक्त एवढेच आहे: घरु ४ सोरठि. नामदेवांचे नाव नाही. नवशिका वाचक इथे रचनाकार बदलला असे धरतो किंवा रकाना रिकामा सोडतो. खरे तर बदलले आहे ते फक्त घर. रचनाकार वरच्या मथळ्यातून खाली उतरतो.

तपासणी: मथळ्यात जे लिहिलेले नाही ते वरच्या जवळच्या मथळ्यातून घ्यायचे. मात्र रचनाकार बदलला असेल तर घर वरून घेऊ नका, तो रकाना मोकळा ठेवा. राग पुढच्या प्रकरणापर्यंत टिकतो, घर टिकेलच असे नाही.

## ५. गायनाच्या इतर सूचना ओळखा

काही मथळ्यांत पद कोणत्या चालीवर गायचे तेही सांगितले आहे. अंग ९१ वर कबीरांच्या सिरीरागातल्या पदावर ‘एकु सुआनु कै घरि गावणा’ असे लिहिले आहे. ‘एकु सुआनु’ हे त्या पदातले शब्द नव्हेत. अंग २४ वर पहिल्या गुरूंचे ‘एकु सुआनु दुइ सुआनी नालि’ हे पद आहे, त्याच्या घरात कबीरांचे पद गायचे. जुन्या नाट्यपदांवर ‘चाल: अमुक’ असे छापलेले असते, तसेच हे. अशी सूचना दिसली की दोन्ही अंगांचे आकडे वहीत लिहा.

वारांपैकी नऊ वारांवर ‘धुनी’ दिली आहे. अंग ४६२ वर आसा रागातल्या वारेच्या मथळ्यात ‘टुंडे अस राजै की धुनी’ असे येते. त्या राजाच्या लोकगाथेची चाल एवढाच त्याचा अर्थ. वारेतला मजकूर राजाविषयी नाही. ‘पड़ताल’ हा शब्दही याच जातीचा, गाताना ताल बदलत जाण्याची ती सूचना.

मथळा काय सांगत नाही हेही इथेच लक्षात ठेवा. रागाचे स्वर, गाण्याची वेळ, भाव यांपैकी काहीही मथळ्यात नसते. आज मैफलीत ऐकलेला त्याच नावाचा राग आणि गुरमत संगीतात गायला जाणारा राग हुबेहूब एक असेल असे धरून चालू नका. वेळ आणि भाव परंपरेतून येतात, ती माहिती वेगळी मिळवावी लागते.

## ६. शेवटचे आकडे मथळ्याशी ताडून पाहा

पदातल्या प्रत्येक कडव्यानंतर आकडा असतो. त्यांच्यात एक कडवे ‘रहाउ’ असे लिहिलेले असते. अभंगाच्या छापील गाथेत ‘धृ.’ असते, तेच काम रहाउ करतो. गाताना त्याकडे परत यायचे आणि अर्थ लावताना पदाचा गाभा तिथे शोधायचा. रहाउची मोजणी कडव्यांत होत नाही.

पद संपते तिथे दोन किंवा तीन आकडे ओळीने येतात. पहिला आकडा कडव्यांचा. पुढचा त्या रचनाकाराच्या किंवा गटाच्या पदांचा. त्यापुढे तिसरा असेल तर तो मोठ्या गटाची एकूण बेरीज. काही मथळ्यांत बेरीज आधीच दिलेली असते. अंग ३२३ वर ‘रागु गउड़ी गुआरेरी स्री कबीर जीउ के चउपदे १४’ आहे, म्हणजे पुढे चार कडव्यांची चौदा पदे.

सर्रास होणारी चूक म्हणजे ‘॥४॥१॥’ यातला १ पुढच्या पदाचा क्रमांक समजणे. आकडे नेहमी संपलेल्या पदाचे असतात.

## ७. आता अंग ७२७

हे तिलंग रागाचे शेवटचे पान. वरच्या भागात नवव्या गुरूंचे पद आहे. त्याखाली मथळा येतो: तिलंग बाणी भगता की कबीर जी. राग तिलंग. ‘भगता की’ हे अनेकवचन आहे, ते नजरेतून सुटू देऊ नका. हा मथळा एकट्या कबीरांसाठी नाही, इथून या रागातली भक्तांची वाणी सुरू होते आणि तिच्यात पहिले कबीर. घर दिलेले नाही. कबीरांचे पद संपते तिथे ॥४॥१॥ आहे: चार कडवी, पहिले पद.

पुढचा मथळा फक्त दोन शब्दांचा: नामदेव जी. राग नाही, घर नाही. राग वरून घ्यायचा, म्हणून तिलंग. रचनाकार बदलला आहे, म्हणून घराचा रकाना मोकळा. पद असे सुरू होते: ‘मै अंधुले की टेक तेरा नामु खुंदकारा, मै गरीब मै मसकीन तेरा नामु है अधारा’, आणि लगेच ‘॥१॥ रहाउ’. इथे रहाउ आरंभीच आहे, त्यामुळे कडव्यांची मोजणी त्याच्या पुढून करायची. ‘करीमां रहीमां’ पहिले, ‘दरीआउ तू दिहंद’ दुसरे, ‘तूं दानां तूं बीनां’ तिसरे. तिसरे ‘नामे चे सुआमी बखसंद तूं हरी’ या ओळीने संपते. फारसी शब्दांच्या गर्दीत ते ‘चे’ आपल्या ओळखीचे आहे. त्यापुढे ॥३॥१॥२॥.

तीन कडवी, नामदेवांचे इथले पहिले पद, भक्तांच्या वाणीतले दुसरे. तिसऱ्या आकड्यात कबीरांचे पद धरले आहे. म्हणजे ‘भगता की’ या अनेकवचनावरून काढलेला अर्थ आकड्यांनी पक्का केला. रहाउ चुकून कडव्यांत धरला असता तर चार भरले असते आणि आकडा जुळला नसता.

त्याखाली ‘हले यारां हले यारां खुसिखबरी’ हे पद आहे आणि त्यावर मथळाच नाही. ज्यांनी आकडे पाहिले नाहीत ते या दोन पदांचे एकच लांब पद करून टाकतात. शेवटी ॥४॥२॥३॥ आहे. चार कडवी, नामदेवांचे दुसरे पद, भक्तांचे तिसरे. रचनाकार तोच, राग तोच, पद नवे. शेवटच्या ओळीत ‘नामे के स्वामी मीर मुकंद’ अशी नाममुद्राही आहे. ती आकड्यांशी जुळते का एवढेच पाहायचे, निर्णय तिच्यावर सोडायचा नाही.

वहीतली नोंद अशी होईल: *तिलंग; नामदेव; घर दिलेले नाही; पद, ४ कडवी, रहाउ आरंभी; ॥४॥२॥३॥; अंग ७२७.*

यानंतर सोरठीतली नामदेवांची पदे, अंग ६५६ आणि ६५७, याच रीतीने उतरवा. पहिल्याच पदाच्या शेवटी ॥४॥१॥ मिळेल. त्याच प्रकरणात आधी कबीरांची पदे येऊन गेली आहेत, तरी इथे तिसरा आकडा नाही. तो सगळीकडे दिलेला नसतो. नसेल तिथे स्वतः बेरीज करून लिहू नका, जेवढे छापले आहे तेवढेच उतरवा.